अनुभव धागा: तुमचंच वाक्य कोणी वर-खाली अक्षरांत परत लिहिलंय का?

मृण्मयी: भाची राहायला आली आहे. तिने कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं होतं `mala aaj yayla jamnar nahi`. खाली एका मैत्रिणीचं उत्तर, एवढंच:

`mAlA aAj yAyLa jAmNaR nAhI`

पोरगी जेवली नाही. भावोजी म्हणाले, "तिचंच वाक्य आहे की, शिवी कुठे दिलीय?" मला मात्र वाचता वाचता आवाज ऐकू आला. शाळेत आमच्या बाकामागची एक मुलगी मी बाईंना काही सांगितलं की नाकातून, सूर वरखाली करत तेच वाक्य परत म्हणायची. वेडावून दाखवायची. इतक्या वर्षांनी तोच सूर अक्षरांत दिसला आणि अंगावर काटा आला. तुमच्यापैकी कोणाला आलाय असा अनुभव? कुठलाही चालेल, लिहा.

ठाणेकर_सुमेध: हे स्पंजबॉब कार्टूनच्या त्या चित्रातलं आहे ताई. २०१७ मध्ये आलं, त्याआधी असं कोणी लिहीतच नव्हतं.

रश्मी_के: आमच्या सासूबाईंच्या फोनवर पण मधेच मोठं अक्षर पडतं. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो कॅपिटल बंद केलं की थांबतं.

मृण्मयी: रश्मी, तसं नाही गं, मुद्दाम केलेलं आहे.

रश्मी_के: अगं बाई. मग वाईटच. कुकर लावलाय, येते परत.

अक्षरवेडा: सुमेध, चित्राबद्दल तुझं बरोबर आहे, लिहिण्याबद्दल नाही. मी टाइपसेटिंगमध्ये आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

अशी वरखाली अक्षरं इंटरनेट घरोघरी येण्याआधीपासूनची आहेत. संगणकवाल्या मंडळींत ती नुसती गंमत म्हणून चालायची. आपल्याकडे ऑर्कुटवर आठवतंय का, `hEy FrNdZ`? ती हौस होती, नटणं होतं. त्यात कोणाला टोमणा नसायचा. २०१७ च्या मे महिन्यात ते चित्र पसरलं. स्पंजबॉब वाकलाय, हात मागे, मान पुढे. मूळ भागात चौकड्यांचं कापड दिसलं की तो कोंबडीसारखं करायला लागतो, तिथलं ते. चित्रावर वर समोरच्याचं साधं वाक्य आणि खाली तेच वाक्य वरखाली अक्षरांत, अशी जोडी लागायची. या जोडीमुळे जुन्या नटव्या लिखाणाला आवाज चिकटला. पुढे चित्र गळून पडलं तरी आवाज राहिला.

आता आवाज का ऐकू येतो ते. सगळी मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, हे आपण सगळे शिकलोय. एकाआड एक आली की डोळा चढ, उतार, चढ, उतार असा वाचतो, पण तो चढ शब्दातल्या खऱ्या आघाताशी जुळत नाही. `jAmNaR` मध्ये जोर कुठे द्यायचा? कुठेच नीट बसत नाही. बोलणाऱ्याचा सूर मोडून टाकलेला आहे. वेडावणारा माणूस तोंडाने हेच करतो, शब्द तुमचे ठेवतो आणि सूर विद्रूप करतो. भावोजींना शिवी सापडली नाही ती म्हणूनच. वाक्यात एकही नवा शब्द नाही, त्यामुळे उत्तर द्यायला काही हातालाच लागत नाही.

सायली_दुपारी_मोकळी: "उत्तर द्यायला काही हातालाच लागत नाही", अगदी अगदी. ऑफिसच्या ग्रुपवर मी सुट्टी मागितली तेव्हा एकाने माझीच ओळ अशी फिरवून टाकली. वरिष्ठांनी हसण्याची इमोजी दिली. तक्रारीत लिहू काय? "माझंच वाक्य परत लिहिलं"? नोकरी बदलली तेव्हा सुटले.

मृण्मयी: सायली, किती वाईट. आता बरी आहेस ना?

सायली_दुपारी_मोकळी: हो गं, एकदम. नवीन ठिकाणी सगळे मराठीत देवनागरीत लिहितात, त्यात मोठं-छोटं अक्षरच नाही 😀

कोल्हापुरी_आज्जी: देवनागरीत वेडावता येत नाही म्हणतेस? आमची जाऊ लिहायची, "मलाऽऽ नैऽऽ जमणाऽऽर". नाहीतर नुसतं "जमणार नाही म्हणे". तो "म्हणे" बाणासारखा लागतो बघ.

अक्षरवेडा: आज्जी, बरोबर. पण तिथे सूर लांबवून किंवा शब्द जोडून वेडावतो आपण. अक्षर न वाढवता नुसत्या आकाराने वेडावायचं तर रोमनमध्येच जावं लागतं. मराठी पोरं बाकी गप्पा देवनागरीत मारतात आणि टोमण्यापुरती रोमनवर उडी मारतात, हे मी पाहिलंय.

वसंतराव_नागपूर: माझा अनुभव उलटा आहे. आम्ही जुन्या ईमेल गटांवर आयट्रान्सने मराठी लिहायचो. त्यात मोठ्या अक्षराला अर्थ असतो. साधा n म्हणजे न, मोठा N म्हणजे ण. मोठा A म्हणजे आ, मोठा I म्हणजे ई. ती सवय बोटांत राहिली. पुतण्याच्या लग्नाच्या गडबडीत त्यांच्या ग्रुपवर लिहिलं `mI udyA yeNAra nAhI`. मी उद्या येणार नाही, बास. अमेरिकेतल्या नातीने आईला विचारलं की आजोबा कोणाची टर उडवतायत? तिला ते तसं दिसलं. मला फार लागलं ते. शुद्ध लिहावं म्हणून जे शिकलो तेच आता कुचेष्टेसारखं वाचलं जातं.

मृण्मयी: काका, हे मनातही आलं नव्हतं. नातीला समजावलंत का?

वसंतराव_नागपूर: पाणी आणि पानी लिहून दाखवलं, `pANI` आणि `pAnI`. तिला आवडलं. आता ती मला तसंच लिहून पाठवते.

ठाणेकर_सुमेध: मस्त काका! पण ताई, आमच्या मित्रांत हे प्रेमाने चालतं. मी "आजपासून डाएट" म्हटलं की तिघं तरी असं लिहितात. कोणी उपाशी राहत नाही.

रश्मी_के: आले. सुमेध, तिघं जवळचे असतील म्हणून. साठ जणांच्या ग्रुपवर तेच वेगळं लागतं.

ठाणेकर_सुमेध: हो, पण मग बंदी घालायची का? मला नाही पटत.

निशिगंध: माझा भाऊ स्क्रीन रीडर वापरतो. असं वाक्य आलं की त्याचा फोन कधी सरळ शब्द वाचतो, तेव्हा टोमणा कळतच नाही. कधी शब्दाचे तुकडे पाडतो, तेव्हा वाक्यच कळत नाही. ग्रुप हसत असतो आणि तो विचारतो, काय झालं? हसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

अक्षरवेडा: निशिगंध, महत्त्वाचं सांगितलंत. मृण्मयी, अजून एक दिसलं. तयार साधनं बहुतेकदा मधली रिकामी जागाही अक्षर म्हणून मोजतात, मग तेच वाक्य असं येतं:

`mAlA AaJ YaYlA JaMnAr nAhI`

भाचीच्या मैत्रिणीचं पाहा, प्रत्येक शब्द छोट्या अक्षराने सुरू होतो. हाताने केलेलं असावं. फोनवर एकेक अक्षराला शिफ्ट दाबत, ऑटोकरेक्ट दुरुस्त करत बसली असेल. सराईत असती तर पहिल्या शब्दातला l मोठा केला असता, कारण छोटा l आणि मोठा I बऱ्याच फॉन्टमध्ये सारखेच दिसतात. तिथे लोक क्रम मोडून `mALa` लिहितात.

मृण्मयी: म्हणजे तिने वेळ काढून केलं. भाचीला हे सांगू की नको?

कोल्हापुरी_आज्जी: नको. आधी जेवू घाल. काय केलंयस?

मृण्मयी: थालीपीठ, लोणी आहे ताजं.

सायली_दुपारी_मोकळी: मी सांगितलं असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे वाटायचं की मीच जास्त मनाला लावून घेते.

रश्मी_के: थालीपिठाची भाजणी घरची का गं?