अनुभव धागा : हंगामात चॅनेलवरचे प्रतिसाद कसे सांभाळता?

जुलै-ऑगस्टात सोयाबीन-कापसाच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. माणसं जोडलेली राहावीत आणि आपणही थकू नये, यासाठी काय करता ते सविस्तर लिहा.

शिवारवाट, परभणी
"पानं पिवळी पडली, काय फवारू?" याला एक उत्तर नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हे होतंच. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते, आणि ते झाड फवारून बरं होत नाही. म्हणजे प्रत्येकाला उलट विचारावं लागतं, आणि दमणूक तिथंच होते. म्हणून ते उलटे प्रश्नच पिन करा:

"विचारताना लिहा: तालुका, पेरणीची तारीख, पिवळेपणा शेंड्याला की खाली, शिरा हिरव्या का."

यूट्यूबच्या कमेंटमध्ये फोटो जोडता येत नाही, त्यामुळे हे शब्दांतच मागावं लागतं. एका व्हिडिओला पिनही एकच. दुसरी केली की पहिली निघते. तिथं "सबस्क्राईब करा" लिहून जागा घालवू नका.

कापूसवाला, जालना
पहिल्या तासात सगळ्यांना उत्तर द्या. "धन्यवाद दादा" लिहिलं तरी चालतं.

शिवारवाट
तासाभरात बसावं हे खरं, कारण विचारणारा तेव्हा तिथंच असतो, राहिलेली माहिती लगेच देतो. पण धन्यवाद लिहीत बसलात तर खरे प्रश्न मागं पडतात. कौतुकाला लाल बदाम द्या, त्याची सूचना लिहिणाऱ्याला जाते. मग यूट्यूब स्टुडिओत "उत्तर न दिलेल्या" आणि "प्रश्न असलेल्या" कमेंटची चाळणी लावा. पुढच्या दिवसांत सकाळी 20 मिनिटं, रात्री 20. मध्ये उघडूच नका.

गटाची ताई, लातूर
आमचा बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चटणीच्या भावाचा पोल टाकला की सगळ्या एकच पर्याय दाबतात. काय करावं?

मतपेटी, नांदेड
ताई, ग्रुपच्या पोलमध्ये कुणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसतं. अध्यक्षबाईंनी आधी मत दिलं की बाकीच्या त्यांच्या मागं जातात. भावाचं बैठकीत चिठ्ठ्यांवर घ्या. पोल बैठकीचा वार ठरवायला ठेवा.

यूट्यूबच्या पोस्टवरच्या पोलमध्ये नावं दिसत नाहीत, पर्याय मात्र पाचच. "पुढचा व्हिडिओ कशावर?" विचाराल तर मनात येईल ते दाबतात. त्यापेक्षा "तुमचं सोयाबीन आज कुठवर आलंय? उगवण, फांद्या, फुलं, शेंगा, काढणी" असं विचारा. फुलांवर जास्त मतं आली की पुढचा व्हिडिओ शेंगा भरण्याचा करा. प्रश्न यायच्या आधीच उत्तर पोचतं.

कापूसवाला
ते पटलं. पण बदामाचं नाही. आपल्याकडं कुणी तीन ओळी लिहिल्या आणि नुसता बदाम आला तर "दादा मोठे झाले" म्हणतात. निदान "बरं झालं, राम राम" तरी लिहावं ना?