चित्राच्या 'फिंगरप्रिंट'ला मराठीत काय म्हणावे?

गोदाकाठ: नाशिकमधील आमच्या वाचनालयासाठी मी एक माहितीपत्रक मराठीत करीत आहे. दुतोंड्या मारुती पुराच्या पाण्यात बुडाल्याचे जुने छायाचित्र पावसाळ्यात 'आजचे' म्हणून फिरू लागले, तर चित्रावरून शोध घेऊन ते कसे तपासावे, हा त्याचा विषय आहे. मूळ मजकुरात चित्राचे 'फिंगरप्रिंट' काढून जुळवतात असे आहे. मी 'बोटांचे ठसे' लिहिले, तर मुद्रिते तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'अंगुलिमुद्रा' केले. चित्राला बोटे नसतात, त्यामुळे मला दोन्ही शब्द खटकतात.

पंचवटीकर: काकांचे बरोबर आहे. अंगुलिमुद्रा हा घडवलेला, नेमका शब्द आहे आणि येथे नेमकेपणाच हवा. चित्रातला एक ठिपका बदलला तरी त्याची मुद्रा पूर्ण बदलते, त्यामुळे दोन चित्रांची गल्लत होऊच शकत नाही.

द्राक्षबाग: रेशनच्या दुकानात माझ्या आईचे ठसे यंत्र घेत नाही, कारण बागेत काम करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. तिचे छायाचित्र देऊन या पद्धतीने काम होईल का?

गोदाकाठ: दादा, आईंची अडचण खरी आहे, पण हा विषय वेगळा आहे. येथे माणसाची ओळख पटवत नाहीत, एका चित्राची दुसरी प्रत शोधतात. 'ठसे' लिहिल्यावर वाचक कोठे जातो, ते मात्र आपल्या प्रश्नावरून मला कळले.

अंकगणित: पंचवटीकरांनी सांगितलेला गुण फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासणाऱ्या हॅशचा, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेल्या छोट्या खुणेचा आहे. चित्रशोधाला तो निरुपयोगी आहे, कारण व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेले चित्र फाइल लहान व्हावी म्हणून दाबले जाते आणि त्याचे बहुतेक ठिपके थोडेथोडे बदलतात. येथे उलट गुण हवा असतो, म्हणजे चित्र थोडे बदलले तर ठसाही थोडाच बदलावा.

सर्वांत सोप्या रीतींपैकी एक dHash ही आहे. चित्राचे रंग काढून ते 9 स्तंभ आणि 8 ओळींइतके लहान करतात. मग प्रत्येक ओळीत डावा चौकोन उजव्यापेक्षा उजळ असेल तर 1, नसेल तर 0 लिहितात. समजा, पुराच्या चित्रातील एका ओळीची उजळता आणि फिरून आलेल्या प्रतीतील त्याच ओळीची उजळता अशी आहे:

```
210 205 190 120 118 125  90  88 140  →  11110110
200 196 182 112 113 118  84  82 131  →  11100110
```

प्रत सर्वत्र काळवंडली, तरी आठांपैकी एकच अंक बदलला, कारण आपण उजळता नव्हे, तर शेजाऱ्यांमधील चढउतार नोंदवला. बदललेला अंक 120 आणि 118 या जवळजवळ सारख्या चौकोनांमधला आहे. पाणी किंवा आकाश यांसारख्या सपाट भागात असे अंक सहज उलटतात. आठ ओळींचे मिळून 64 अंक होतात, आणि दोन चित्रांत किती अंक वेगळे आहेत ते मोजतात. साधारण दहापर्यंत फरक असेल तर एकाच चित्राच्या प्रती असाव्यात असे धरतात, पण ही मर्यादा ज्याची त्याने ठरवायची असते. ती सैल ठेवली, तर पाणी आणि आकाशाची भलतीच चित्रेही जुळू लागतात.

पंचवटीकर: म्हणजे माझी समजूत दुसऱ्याच हॅशची होती, हे मान्य. शब्दाचा आग्रह मात्र मी सोडत नाही. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि शिक्का फिका उमटला तरी ओळखू येतोच.

तांबट आळी: आमच्या घरी भांड्यांवर नक्षी उठवण्याचे काम होते. ज्याने ठोकायचा तो ठसा आणि धातूवर उमटते ती छाप, असे वडील काटेकोरपणे म्हणत. एका ठशाच्या दोन छापा कधी तंतोतंत सारख्या येत नसत. म्हणून 64 अंकांना मी 'छाप' म्हणेन. मनात ठसणे हे क्रियापदही या ठोकण्यातूनच आले असावे, असे मला नेहमी वाटते.

मखमलाबाद: मला 'तोंडवळा' सुचतो. मुलाचा तोंडवळा आईसारखा म्हणताना आपण सारखेपणा मोजतच असतो, आणि अंकगणित सरांनी वर्णन केलेली जवळीक त्यात आपोआप येते. शिवाय हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

अंकगणित: शब्द गोड आहे, ताई, पण तो एका ठिकाणी फसवेल. आरशातही तोंडवळा तोच राहतो. येथे मात्र चित्र डावे-उजवे उलटवले की चढाचा उतार होतो, अंकांचा क्रम फिरतो आणि जुळणी तुटते. कडेने बरेच कापले किंवा वर बातमीची जाड पट्टी चिकटवली, तरी सगळे चौकोन सरकतात. म्हणून मोठ्या शोधसेवा एवढ्याच ठशावर थांबत नाहीत, चित्रातील कोपरे, कडा आणि आकार यांच्या खुणाही जुळवतात.

गोदाकाठ: मग पत्रकात आणखी एक ओळ घालते: काही सापडले नाही, म्हणून चित्र नवे ठरत नाही. कडा कापून आणि चित्र उलटवून पुन्हा शोधावे. जुनी प्रत सापडली, तर तिची तारीख पाहावी. चित्र निदान तितके जुने आहे, एवढे त्यावरून ठरते.

पंचवटीकर: ओळ उत्तम आहे. पण तिच्या आधीच्या वाक्यात 'छाप' छापणार असाल, तर काकांना एकदा विचारून घ्या.

तांबट आळी: आणि 'छाप'चे अनेकवचन 'छापा' करू नका, लोकांना पोलिसांचा छापा वाटेल.