उत्तर: 20 चं रिचार्ज, हातात 2.95

> "20 चा टॉपअप मारला, बॅलन्स फक्त 2.95. बाकीचे कुठे गेले?"

तुम्ही आधी टॉकटाइम लोन घेतलं असणार. माझ्या आईच्या फोनवर अगदी हाच आकडा आला होता. 20 च्या टॉपअपमधून आधी किमतीतच धरलेला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3.05 रुपये, आणि 2 रुपये प्रोसेसिंग फी जाते, म्हणून मुळात 14.95 च मिळतात. तिने 10 चं लोन घेतलं होतं, त्यावर 2 रुपये शुल्क. हे 12 रुपये टॉपअप होताक्षणीच आपोआप वळते झाले, उरले 2.95. लोन लहान रकमेचं असल्याने 2 रुपये किरकोळ वाटतात, पण ते तब्बल 20 टक्के होतात. वसुलीचा एसएमएस इनबॉक्समध्ये शोधा. त्यात 12 पेक्षा जास्त कापलेले दिसले, तर एखादी कॉलरट्यूनसारखी सेवा चालू आहे का, ते कस्टमर केअरला नक्की विचारा.