डंबेल शोल्डर प्रेस करताना खांदा टोचतो, वजन उतरवणं चालू आहे. काय बदलू?

हिंजवडीकर:
वय 36, दिवसभर लॅपटॉप. सध्या मोजून-मापून कमी खातोय. घरीच बसून शोल्डर प्रेस करतो: बेंचची पाठ एकदम उभी, प्रत्येक हातात 12.5 किलो, चार सेट, आठवड्यातून दोनदा. हल्ली हात वर जाताना उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला टोचतं. नंतर दुखत नाही, झोपही नीट लागते. प्रेस बंद करू का?

संध्या_म:
खुर्चीचा प्रताप. खांदे पुढे झुकलेत. छातीचं स्ट्रेचिंग आणि रोइंग करा, पोक गेलं की दुखणं गेलं.

अवधूत:
संध्याताई, रोइंग करावंच, पण पोक असूनही खांदे न दुखणारे खूप जण आहेत. हिंजवडीकर, आधी एक बघा. भिंतीला पाठ टेका, टाचा वीतभर पुढे, कंबर भिंतीला चिकटलेली. कोपरं सरळ ठेवून हात वर न्या. अंगठे भिंतीला लागायच्या आत कंबर सुटली, तर हात तेवढा वर जातच नाही. मग उभ्या पाठीवर बसून वजन डोक्यावर न्यायला गेलात की ती कसर खांदा सोसतो.

बेंचची पाठ एक-दोन खाचा मागे घ्या. कोपरं अगदी बाजूला नकोत, थोडी पुढे, तळवे अर्धे एकमेकांकडे. वजन 10 किलो. कमी खाताना शरीर सावरायला वेळ घेतं, म्हणून सेट चारऐवजी दोन. आणि 10 वरून 12.5 म्हणजे थेट पाव पट वाढ, तेव्हा 10 वर आठाचे बारा रेप स्वच्छ होईपर्यंत वजन वाढवू नका.

मडगावची_मावशी:
माझा डावा खांदा गेल्या वर्षापासून आखडलाय, शुगरही आहे. वेणी घालता येत नाही. मीही हलके डंबेल घेऊ?

अवधूत:
मावशी, तुमचं वेगळं वाटतंय. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर फ्रोझन शोल्डर असू शकतो, शुगर असलेल्यांना तो जास्त होतो. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, डंबेल नंतर.

हिंजवडीकर:
भिंतीपाशी करून पाहिलं. डावा अंगठा टेकतो, उजवा चार बोटं लांब राहतो. बेंच कलवून 10 किलोने दहा रेप आरामात झाले, अकराव्याला टोचलं.

अवधूत:
मग नवाला थांबा. शेवटच्या रेपना कोपर बाहेर फाकत असेल, बाजूने व्हिडिओ काढून बघा. एरवीही दुखायला लागलं, रात्री जाग आली किंवा हातात मुंग्या आल्या, तर फिजिओ गाठा.

संध्या_म:
मी तरी महिनाभर डोक्यावर वजन नेलं नसतं. एक खांदा कमी वर जातोय, त्याच्यावरच भार कशाला?

अवधूत:
न टोचता नऊ होताहेत, म्हणून मी चालू ठेवेन. दोन आठवड्यांत उजवा अंगठा भिंतीच्या जवळ सरकला नाही, तर तुमचं ऐकू.