अनुभव धागा: चाकांवर उभं राहणं, थांबणं आणि पडणं

किनाराकाठी (रत्नागिरी)

मुलगी नऊ वर्षांची. इनलाइन स्केट्स आणल्यात आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती छान पुढे जाते. अडतं ते थांबताना. उजव्या स्केटच्या टाचेला ब्रेकचं रबर आहे. ते दाबायला गेली की मागे कलंडते, म्हणून ती खांब पकडूनच थांबते. ज्यांनी स्वतः शिकलंय किंवा मुलांना शिकवलंय त्यांनी सविस्तर लिहा. उभं कसं राहायचं, तोल कुठे ठेवायचा, पडायचं कसं? जागेबद्दल आणि पॅड्सबद्दलही लिहा, कारण आपल्याकडे गुळगुळीत सपाट जागा शोधण्यातच अर्धा वेळ जातो.

चाकपाणी (अलिबाग)

मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय. ब्रेक टाचेला आहे म्हणजे मागे रेलायचं, असं जवळजवळ प्रत्येक मूल धरून चालतं आणि तिथेच गडबड होते. अंग मागे न्यायचं नसतं, पाय पुढे न्यायचा असतो.

आधी उभं राहणं पक्कं करा. पावलं खांद्यांइतकी लांब, गुडघे इतके वाकलेले की खाली पाहिल्यावर गुडघ्याच्या पॅडमागे बुटाचं टोक लपेल. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली जाणवली पाहिजे. हात पुढे, कंबरेच्या उंचीला, आणि नजर समोर. पायांकडे पाहिलं की डोकं खाली जातं आणि तोल जातो.

आता ब्रेक. पहिल्यांदा चटईवर, जिथे चाकं फिरत नाहीत तिथे करून घ्या. दोन्ही गुडघे वाकवून उजवा स्केट पुढे सरकवायचा, त्याचं मागचं चाक डाव्याच्या पुढच्या चाकाशी येईपर्यंत. वजन बरंचसं डाव्या पायावर. मग उजव्या पायाची बोटं वर उचलायची, रबर आपोआप जमिनीला लागतं. लागल्यावर डावा गुडघा आणखी वाकवत खाली बसायचं. जितकं खाली बसाल तितका ब्रेक लागतो. जमिनीवर हे अगदी हळू वेगात करायचं. जागच्या जागी थांबणार नाही, समोर मोकळी जागा ठेवा.

मूल कलंडतंय याचा अर्थ बहुतेक वेळा डावा गुडघा सरळ राहिलाय. बाजूने उभं राहून पाहिलंत तर लगेच दिसेल.

पोफळीची सावली (गुहागर)

खांब पकडणं एवढं वाईट नाही, आम्हीही तसंच शिकलो. मी तर म्हणेन ब्रेक काढूनच टाका. मागचा पाय आडवा ओढत थांबायचं, टी-स्टॉप. पोरं पटकन शिकतात. नाहीतर सरळ गवतावर जायचं, थांबतंच की.

चाकपाणी (अलिबाग)

गवताचं बरोबर आहे, वेग कमी असेल, एक पाय पुढे असेल आणि गुडघे वाकलेले असतील तर. सरळ पायांनी गवतावर गेलं की चाकं अडकतात आणि माणूस तोंडावर जातो. पण टी-स्टॉप नवशिक्यासाठी नाही. त्यात सगळं वजन एका पायावर घेऊन सरळ घसरता यावं लागतं. ते येण्याआधी केलं की मूल गोल फिरतं. शिवाय ओढलेल्या स्केटची चाकं एका बाजूने झिजतात.

हाडवैदू नव्हे (चिपळूण)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून पडण्याबद्दल. मागे पडताना माणूस नकळत हात मागे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. म्हणून पडायचंच झालं तर पुढे. तोल गेला असं वाटताच आधी खाली बसायचं, हात गुडघ्यांकडे न्यायचे. उंची कमी झाली की आपटणं कमी होतं. मग गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड आणि शेवटी तळवे, बोटं वर उचललेली, पुढे घसरत जाऊ द्यायचे. मागे जातोयच असं वाटलं तर अंग वळवून एका कुल्ल्यावर, हनुवटी छातीकडे.

हे पॅड्स घालून, स्केट्स न घालता गादीवर मुद्दाम करून घ्या. मग गुळगुळीत जमिनीवर, स्केट्स घालून, उभ्या जागी. मुलांना हे आवडतं.

मनगटाच्या गार्डमध्ये तळव्याच्या बाजूला कडक पट्टी हवी, नुसत्या कापडी पट्ट्याचा उपयोग नाही. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसावं. आणि आपल्या घामट हवेत गुडघ्याचा पॅड खाली घसरतो, म्हणून मुलाला एकदा गुडघ्यावर बसवून पाहा. पॅड सरकून वाटी उघडी पडली तर पट्टा बदला.

काजूबी (वेंगुर्ले)

माझं वय बावन्न. मेहुण्याच्या जुन्या क्वाड स्केट्स मिळाल्यात, पुढे रबर असलेल्या. सकाळी ओल्या पुळणीवर चालवता येतील का? ओहोटीला वाळू अगदी सपाट आणि घट्ट असते. माझा उजवा गुडघाही जरा दुखरा आहे.

चाकपाणी (अलिबाग)

काका, पुळणीवर मुळीच नको. चाक रुततं आणि खारी वाळू बेअरिंगमध्ये गेली की गंज चढतो. शिकायला क्वाड काही वाईट नाहीत, काही जण तर क्वाडच आधी घ्या म्हणतात. मी स्वतः इनलाइनवर सुरुवात करून घेतो, पण यावर आमच्यातच एकमत नाही. दुखऱ्या गुडघ्याचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा, यात गुडघे सतत वाकलेले राहतात.

चिऱ्याचं घर (मालवण)

जागेबद्दल माझा अनुभव. चिऱ्याचं अंगण अजिबात नको, खड्ड्यांत चाक अडतं. बॅडमिंटनच्या लाकडी हॉलमध्ये आम्हाला परवानगी नाकारली. घोटलेल्या फरशीवर दमट दिवसांत पाणी सुटतं आणि पाय बाजूला पळतो. शेवटी शाळेच्या मैदानाकडेचा सिमेंटचा कोबा सापडला. सुरुवातीला दरवेळी मी तळहात फिरवून पाहते. वाळूचे कण हाताला लागले तर आधी झाडू. पावसाळ्यानंतर कोपऱ्यात हिरवट शेवाळ राहतं, कोरडं दिसलं तरी निसरडं असतं. तेवढा भाग खडूने आखून बाहेर ठेवते.

माझ्या सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि ओरडतात, "गुडघे वाकव गो, काठी गिळल्यासारखी उभी रवू नको!" नात दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, त्यांचं ऐकते.

एक विचारायचंय, सुरुवातीला मुलाचा हात धरावा की नाही? मी धरते, पण मग ती माझ्याकडेच झुकते.

हाडवैदू नव्हे (चिपळूण)

मी धरत नाही. जवळ चालते, हात पुढे ठेवते, तिने धरला तर धरू देते.

पोफळीची सावली (गुहागर)

आमच्याकडे पहिले काही दिवस हात धरल्याशिवाय कुणी उभंच राहिलं नसतं.

किनाराकाठी (रत्नागिरी)

चटईवरचा सराव केला. डावा गुडघा खरंच सरळ राहत होता. आता कलंडत नाही, पण ब्रेक लागताना ती उजवीकडे वळते. रबर पाहिलं तर आतली कड जास्त झिजलीय.

चाकपाणी (अलिबाग)

मग घोटा आत झुकत असावा. मागून पाहा, उभी असताना स्केट सरळ दिसतो की आत कललेला? बूट वाढता घेतलाय का?

किनाराकाठी (रत्नागिरी)

कमी-जास्त होणारा आहे. वर्षभर पुरावा म्हणून एक खाच मोठा ठेवला होता. आणि हो, मागून आत कललेलाच दिसतो.

चाकपाणी (अलिबाग)

ती खाच कमी करा. गुडघे वाकवून उभी राहिल्यावर बोटं टोकाशी जेमतेम टेकली पाहिजेत, दुमडली नाही पाहिजेत. टाच मागे ठोकून बसवा, मग वरचा पट्टा घट्ट. पातळ पण लांब मोजे घाला. मग पुन्हा चटईवरून सुरुवात.