कार्बन फायबरचा दुसरा थर: ताकद दुप्पट की नुसतं बिल दुप्पट?

फाईलवाला: आमच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आता फाईलींचे रॅक येणार आहेत. स्लॅबसोबत ओतलेला बीम आहे. गाळा ४.५ मीटर, रुंदी २३०, स्लॅबसकट उंची ४५० मिमी, खाली १६ च्या तीन सळया. आमच्या इंजिनिअरच्या हिशेबाने बीमची क्षमता ८७ किलोन्यूटन-मीटर आहे आणि नव्या भाराला १११ लागेल. कंत्राटदार म्हणतो, २०० मिमी रुंद कार्बन शीटचा एक थर ५० वाढवतो, दोन थर १००. दोन लावून निर्धास्त व्हावं का?

वज्रलेप: बेलाशक लावा. कार्बन फायबर ताणात सळईच्या कितीतरी पट मजबूत असतं. थर वाढला की ताकद वाढणारच, त्यात वाद कसला?

सळईवाली: वाद आहे. कंत्राटदाराने ५० काढले ते शीट तुटेपर्यंत ताणली जाईल असं धरून. ०.१६७ मिमी जाडी, ३५०० मेगापास्कल, शीटपासून बीमच्या वरच्या दाबापर्यंत सुमारे ४३० मिमीचा हात, की आलं उत्तर. पण बीमखाली चिकटवलेली शीट सहसा तुटत नाही, त्याआधी सुटते. भेगेपाशी काँक्रीटचा पातळ पापुद्रा घेऊन सोलून निघते. म्हणून अमेरिकेच्या काँक्रीट संस्थेच्या एसीआय ४४०.२आर या मार्गदर्शिकेत शीट किती टक्के ताणली जाईल यावरच मर्यादा आहे:

ε = 0.41 √( fc / (n·E·t) )

fc म्हणजे काँक्रीटची ताकद, E शीटचा कडकपणा, t एका थराची जाडी. थरांची संख्या n छेदात आहे, हे बघा. कोअरवरून काँक्रीटची सिलिंडर-ताकद २० धरली आणि E २,३०,००० मेगापास्कल, तर एका थराला ०.९४ टक्के ताण मिळतो, दोघांना ०.६६. मार्गदर्शिकेचा ०.८५ चा गुणक लावल्यावर पहिला थर साधारण २६ वाढवतो. दोन मिळून ३७, तीन मिळून ४५. म्हणजे दुसऱ्या थराचे पैसे पूर्ण, काम जेमतेम ११ चं. तुमची गरज २४ ची आहे.

वज्रलेप: मग इंग्रजी यू आकाराच्या पट्ट्या मारा ना बाजूंनी! सुटेल कशी?

सळईवाली: टोकाला मारा, मीही मारायला सांगते. टोकाशी शीट कव्हरसकट उचकटते, ती त्याने आवरते. पण मधल्या भेगेपासून सुरू होणारं सोलणं वेगळं. टोकाला पट्टी मारली म्हणून वरचा आकडा वाढवून घेता येत नाही.

जुना ओव्हरसीअर: थर मोजत बसलात, आगीचं काय? इपॉक्सी साठ-ऐंशी अंशांना मऊ पडतं. कागदाच्या खोलीत डिंकावर भरवसा! खाली लोखंडी गर्डर टाका, मोकळे व्हा.

सळईवाली: भरवसा डिंकावर नाहीच टाकायचा, काका. शीट गेली असं धरून मूळ बीम तपासतात: १.१ पट मृतभार अधिक ०.७५ पट चलभार. रॅक कायमचे भरलेले असतात, म्हणून इथे चलभार पूर्ण धरायचा. मृतभार मीटरला १४.३ आणि फाईलींचा १५ किलोन्यूटन धरला तर ७८ येतात. बीम ८७ चा आहे. हे जुळलं नसतं तर मीही शीटला नाही म्हटलं असतं.

जुना ओव्हरसीअर: ७८ आणि ८७ मध्ये अंतर किती, ते बघ. आणि ते ८७ थंड बीमचे. कव्हर तापलं की सळईही ढिली पडते. मी गर्डरच टाकेन.

बाल्कनीकर: आमच्या बाल्कनीच्या बाहेर आलेल्या बीमला खालून अशीच शीट लावलीय. तरी वाकलेला बीम वर आलेला नाही. वर फरशीत भेगही पडलीय. डिंक कमी पडला का?

सळईवाली: बाहेर आलेल्या बीमला ताण वरच्या अंगाला असतो. खालची शीट तिथे निरुपयोगी. आणि वाकलेला बीम शीट कुठेच वर उचलत नाही. या धाग्यातल्या बीमचंच बघा: सळया ६०३ चौ. मिमी, शीट ३३. कडकपणात फार तर सहा-सात टक्क्यांची भर. तुमचा बीम कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, आणि तोवर बाल्कनीत कुंड्या, माणसं नकोत.

फाईलवाला: दुसरा थर रद्द म्हणतो. पण एका थराने ११३ आणि गरज १११, एवढ्या काठावर? काल खेचून बघायची चाचणी झाली. बीमखाली चिकटवलेल्या तीन चकत्यांपैकी दोन १.९ आणि २.१ मेगापास्कलला काँक्रीट घेऊन निघाल्या. तिसरी ०.८ लाच आली, मागे पांढरट भुकटी.

सळईवाली: किमान १.४ हवेत, आणि तुटायला काँक्रीटच हवं. भुकटी म्हणजे तिथे गिलावा किंवा चुना राहिलाय. अख्ख्या गाळ्याला ग्राइंडर मारून घ्या, खडी दिसेपर्यंत, मग त्याच भागात दोन नव्या चकत्या. काठावरच्या आकड्याबद्दल मात्र तुमच्या इंजिनिअरशी बोला. रॅकची एक रांग बीमपासून आधाराकडे सरकवता आली, तर ती दुसऱ्या थरापेक्षा स्वस्त पडेल.

वज्रलेप: मी तरी दोन थर लावले असते.