'पॉयझन मेसेज' आणि 'डेड लेटर' : मराठीत काय म्हणाल?

गोदाकाठ : नाशिकरोडला आमचं छोटं ऑफिस आहे, कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर करतो. वजनकाट्याची सेवा निरोप पाठवते, हिशोबपट्टीची सेवा तो रांगेतून उचलते. चाचण्यांची टिपणं मराठीत लिहितोय. पुन्हा आलेल्या निरोपाला 'दुबार' चपखल बसला. कितीदा उचलला तरी सेवेला पचत नाही त्या 'पॉयझन मेसेज'ला 'नासका कांदा' आणि वारंवार फसल्यावर बाजूच्या रांगेत टाकलेल्या 'डेड लेटर'ला 'मृत पत्र' चालेल का?

पंचवटीकर : विषारी मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज येतात. अ‍ॅडमिनला सांगून डिलीट करायचे!

रांगेतला : ते वेगळं हो, काका. गोदाकाठ, नासका कांदा शेजारच्याला नासवतो. हा निरोप शेजाऱ्याला धक्का लावत नाही, वाट अडवतो. म्हणून मी 'अडेल निरोप' म्हणेन. एसक्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या निरोप-रांग सेवेत फिफो, म्हणजे आलेल्या क्रमानेच निरोप देणारी रांग घ्या आणि एकाच गटात तीन निरोप टाकून बघा: वजन 12 क्विंटल, दुरुस्ती 11.4, मग 'पट्टी करा'. दुसऱ्यात आकड्याऐवजी 'अकरा' असं अक्षरी लिहा. निरोप किती वेळा उचलू द्यायचा ते ठरवणारा `maxReceiveCount` 3 आणि उचललेला निरोप अदृश्य राहण्याची मुदत 30 सेकंद असेल, तर साधारण दीड मिनिट तिसरा ताटकळतो. मग अडेल बाजूला जातो, तिसरा सुटतो, आणि पट्टी 12 क्विंटलची निघते! बाजूची रांग भरली एवढं तपासून चाचणी हिरवी दाखवू नका, पट्टीवरचा आकडा बघा.

गोदाकाठ : बाप रे. आमची चाचणी नेमकी तिथेच थांबते.

टपालकाका : मी पोस्टातून निवृत्त. डेड लेटर ऑफिसला पुढे रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. तिथे येणाऱ्या पत्रात खोट नसायची; पत्ता सापडायचा नाही, पाठवणाराही कळायचा नाही. मग पत्र उघडून बघायचे. त्याला मेलेलं का म्हणता?

रांगेतला : काका, मुद्दा नेमका पकडलात. डेटाबेस दोन मिनिटं बंद ठेवा, वरच्याच आकड्यांत धडधाकट निरोपही बाजूच्या रांगेत जातील. सगळे अडेल नसतात. म्हणून दोन शब्द वेगळेच हवेत.

सिडको_९ : पण फिफो घेतली की दुबारची चाचणी तरी वाचते. पाच मिनिटांत तोच निरोप आला तर ती गाळते.

रांगेतला : गाळते, पण पाठवणाऱ्याने दोनदा टाकलेला. तुमच्या सेवेने पट्टी नोंदवली आणि निरोप पुसण्याआधीच ती पडली, तर मुदत संपल्यावर तोच परत हातात येतो. नोंद होताच प्रोसेस मारा आणि पट्ट्या मोजा.

गोदाकाठ : 'अडेल' आणि 'दुबार' पक्के. डेड लेटरला 'बेवारस' लिहू?

टपालकाका : पाठवणारा ठाऊक आहे ना? मग बेवारस कसलं! 'बटवडा न झालेलं' म्हणा.

सिडको_९ : रात्री दोनला अलार्म वाजल्यावर एवढं लांब कोण वाचणार?